दीड अंश म्हणजे किती दिवस?

पॅरिस करारात २०१५ साली जगाने जो आकडा मान्य केला, तो दीड अंशाचा. औद्योगिकीकरणापूर्वीच्या तुलनेत तापमानवाढ दोन अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि दीड अंशावर रोखण्याचा प्रयत्न करायचा, असं त्यात लिहिलं आहे. आता हा आकडा ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते बघा. कोरड्या हवेच्या गावात सकाळी सहा ते दुपारी तीन एवढ्या वेळात पारा दहा-बारा अंशांनी चढतो. उन्हातून सावलीत आलं की दीड अंशापेक्षा जास्त फरक अंगालाच कळतो. म्हणजे शतकभराचं संकट म्हणून जे सांगितलं जातंय, ते त्याच्या रोजच्या अनुभवात सकाळच्या चहापासून आंघोळीपर्यंतच घडून जातं. तो खांदे उडवतो. त्याला अडाणी किंवा बेफिकीर म्हणण्यात अर्थ नाही. दिलेल्या आकड्यावरून त्याने केलेला हिशोब बरोबरच आहे. आकडा ज्या मापात दिला, ते माप चुकलं आहे.

हवामान बदल लोकांना दूरचा का वाटतो, याचं मानसशास्त्रातलं नेहमीचं स्पष्टीकरण याकोव ट्रोप आणि निरा लिबरमन यांच्या मांडणीतून येतं. एखादी गोष्ट काळाने, जागेने, नात्याने किंवा शक्यतेने जितकी लांबची, तितकी ती मनात ढोबळ, अमूर्त रूपात उतरते. जवळची गोष्ट तपशिलासकट दिसते. पुढच्या वर्षीचा प्रवास म्हणजे ‘विश्रांती’, उद्याचा प्रवास म्हणजे तिकीट, बॅग आणि गजराची वेळ. हवामान बदल या चारही बाबतींत लांब पडतो: २१०० साल, ध्रुवावरचा बर्फ, अनोळखी माणसं, आणि वर ‘बहुधा’, ‘शक्यता आहे’ अशी भाषा.

यावरून जो उपाय निघाला तो सरळ होता, की अंतर कमी करा. हिमअस्वलाच्या जागी वाचकाच्याच शहराचा नकाशा, २१०० च्या जागी २०४०. काही प्रमाणात हे चालतंही. अलेक्सा स्पेन्स, वाउटर पोर्टिंगा आणि निक पिजन यांनी ब्रिटनमधल्या १,८२२ लोकांच्या पाहणीवर २०१२ साली लेख लिहिला. त्यात ज्यांना हा बदल जवळचा वाटत होता, त्यांना त्याची काळजीही जास्त वाटत होती. पण त्याच लेखात एक गाठ आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. दूरच्या, गरीब देशांना मोठा फटका बसेल असं ज्यांना वाटत होतं, त्यांचीही काही करण्याची तयारी जास्त होती. म्हणजे अंतर घटवलं की कृती वाढते, असा सोपा नियम हाती लागत नाही.

माझं म्हणणं असं, की अंतरापेक्षा मापाचा प्रश्न मोठा आहे. शहराचं नाव घालून ‘आपल्या शहराचं सरासरी तापमान १.५ अंशाने वाढेल’ असं लिहिलं, तरी वाक्य तितकंच अमूर्त राहतं, कारण सरासरीत कुणी राहत नाही. माणसं दिवसांत राहतात. एखाद्या विशिष्ट दिवशी काम थांबवावं लागतं, मूल शाळेतून लवकर आणावं लागतं, रात्री झोप लागत नाही. तेव्हा स्थानिक मांडणी करायची म्हणजे सरासरीचं भाषांतर ‘उंबरठा ओलांडणाऱ्या दिवसांत’ करायचं. आपल्या गावाचा पुरात बुडालेला फोटो चिकटवणं म्हणजे स्थानिक मांडणी, हा समज फार पसरला आहे. तो फोटो फार तर दोन मिनिटं हलवतो.

भाषांतर कसं होतं ते एका कल्पित केंद्रावर करून पाहू. उन्हाळ्याचे ९० दिवस धरा. त्या काळात रोजच्या कमाल तापमानाची सरासरी ३८ अंश आहे आणि दिवसागणिक ते साधारण दोन अंशांनी वरखाली होतं (सांख्यिकीच्या भाषेत प्रमाण विचलन २). उंबरठा ४२ अंशांचा घेतला. सगळे दिवस तापमानानुसार मांडले की टेकडीसारखा आलेख होतो. मधे ३८ पाशी गर्दी, आणि ४२ च्या पलीकडे टेकडीचा निमुळता पायथा. त्या पायथ्यात जेमतेम २.३ टक्के दिवस येतात, म्हणजे उन्हाळ्यात दोन. आता अख्खी टेकडी फक्त एक अंश उजवीकडे सरकवा, तिचा आकार तसाच ठेवून. ४२ ची रेघ आहे तिथेच आहे, पण तिच्या पलीकडे आता पायथा नाही, उतार येतो, आणि उतार जाड असतो. ६.७ टक्के, म्हणजे सहा दिवस. दीड अंश सरकवली तर साडेनऊ. एकाच बदलाची ही दोन वाक्यं: ‘सरासरी दीड अंशाने वाढली’ आणि ‘दोन दिवसांचे नऊ-दहा झाले’. पहिलं ऐकून कुणी काही बदलत नाही. दुसरं ऐकून मुकादम कॅलेंडर काढतो.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट दिसते. तापमान दोनऐवजी तीन अंशांनी वरखाली होणारं केंद्र घ्या आणि उंबरठा तितकाच दुर्मिळ, म्हणजे ४४ चा ठेवा. एक अंश वाढीने तिथे दोन दिवसांचे चारच्या थोडे वर होतात, सहा नाही. जिथलं हवामान मुळात स्थिर, तिथे तेवढ्याच वाढीने दिवसांची संख्या जास्त उसळते. उष्ण कटिबंधात बदल लवकर नजरेत भरतो त्यामागे हेच गणित आहे. ‘उत्तर ध्रुवाकडे तापमानवाढ सर्वाधिक’ हे खरं असलं, तरी नेहमीच्या चढउतारांच्या मानाने बदल कुठे ठळक, हा प्रश्न विचारला की उत्तर वेगळं येतं.

आता लबाडीच्या जागा. पहिल्या केंद्रावर एक अंश वाढीसाठी ४२ चा उंबरठा घेतला तर ‘तिप्पट’ लिहिता येतं. त्याच केंद्रावर ३८ चा घेतला तर ४५ दिवसांचे ६२ होतात. सतरा दिवसांची वाढ, पण दीडपटही नाही. उंबरठा जितका वर न्याल, तितकी पट फुगते आणि प्रत्यक्ष दिवस घटतात. मथळा लिहिणाऱ्याला पट आवडते. म्हणून नियम साधा ठेवावा: पट लिहिली की तिच्या शेजारी मूळ संख्या लिहायचीच. ‘दोनाचे सहा’ या दोन शब्दांत दोन्ही येतं. आणि उंबरठा आधी ठरवायचा, मग मोजायचं. आधी मोजून जिथे आकडा सर्वांत भयंकर दिसतो तिथे रेघ ओढली, की आज ना उद्या कुणीतरी शेजारची रेघ ओढून दाखवतो आणि अख्खी मांडणी संशयात पडते.

दुसरी गोष्ट, गरम दिवस सुटे येत नाहीत, झुंडीने येतात. सरासरी सहा दिवस म्हणजे एका वर्षी एकही नाही आणि दुसऱ्या वर्षी सलग अकरा, असं होऊ शकतं. ‘यापुढे दर उन्हाळ्यात सहा दिवस’ असं छापलं आणि पुढचा उन्हाळा सौम्य गेला, तर लोक हसतात, आणि हसण्यात त्यांची चूक नसते. म्हणून दोन सुट्या वर्षांची तुलना करू नये. निदान तीस वर्षांच्या रोजच्या नोंदी घ्याव्यात, दर वर्षी किती दिवस उंबरठ्यापलीकडे गेले ते मोजावं आणि दहा-दहा वर्षांच्या सरासऱ्या शेजारी ठेवाव्यात. वर्षावर्षाचे खांब आलेखात दिसू द्यावेत. त्यांची उंची वेडीवाकडी असते, आणि ती तशी दिसली तरच वाचकाचा विश्वास बसतो.

नोंदी हातात आल्यावर लगेच मोजायला बसण्याचा मोह आवरावा. आधी केंद्राचा इतिहास विचारावा. तापमापक गावातून विमानतळावर हलवला होता का? शेजारचं मैदान जाऊन डांबरी वाहनतळ आला का? पारंपरिक मोजणीत तापमापक हिरव्या जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, हवा खेळेल अशा पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतो. त्यातलं काहीही बदललं तरी आकडा बदलतो. हे ओळखायची युक्ती अशी: जवळच्या दुसऱ्या केंद्राच्या नोंदी घ्यायच्या आणि दोघांतला फरक वर्षानुवर्षे मांडायचा. खरी तापमानवाढ दोन्हीकडे येते, त्यामुळे फरकाची रेघ साधारण सपाट राहते. एखाद्या वर्षी ती पायरीसारखी उडी मारून तिथेच राहिली, तर हवा नाही, पेटी हलली आहे. रेघ पायरी न मारता हळूहळू चढत असेल, तर एक केंद्र बहुधा शहराच्या पोटात चाललं आहे.

गाळलेल्या दिवसांचाही असाच फास असतो. वर्षात पंधराच दिवसांची नोंद नाही, म्हणजे चार टक्के, काही बिघडत नाही असं वाटतं. पण ते पंधराही दिवस ऐन उन्हाळ्यातले निघाले, तर त्या वर्षाची मोजणी निकामी होते आणि ते वर्ष फुकट ‘थंड’ दिसतं. म्हणून रिकाम्या जागा वर्षाच्या हिशोबाने न मोजता हंगामाच्या हिशोबाने मोजाव्यात, आणि ज्या वर्षी हंगामातल्या दहांतली एक नोंद नसेल ते वर्ष सरळ वगळून तसं लिहावं.

शहराच्या पोटातल्या उष्णतेबद्दल प्रामाणिक राहावं लागतं. काँक्रीट, डांबर, गाड्या, वातानुकूलन यंत्रांची बाहेर फेकलेली गरम हवा यांनी शहर आसपासच्या शेतांपेक्षा तापतं, विशेषतः रात्री. एखाद्या केंद्रावर वाढलेल्या दिवसांत या स्थानिक तापण्याचाही वाटा असतो. छातीवर घाम येणाऱ्याला ती उष्णता कुठून आली याच्याशी देणंघेणं नाही. पण उपाय ठरवणाऱ्याला आहे, कारण झाडं आणि पांढरी छपरं शहराच्या वाट्यावर चालतात, उत्सर्जन कमी करणं जगाच्या वाट्यावर. दोन्ही वाटे एकत्र करून सगळं ‘हवामान बदल’ या नावावर खपवलं, तर पहिल्याच जाणत्या वाचकासमोर मांडणी कोसळते. शहरातलं एक आणि बाहेरचं एक अशी दोन केंद्रं दाखवली तर हा प्रश्न एका चित्रात सुटतो.

पण ४२ च का? ४० का नाही? उंबरठा गोल आकड्यावरून ठरवला तर तो हवामान खात्याच्या फाइलीत शोभतो. तो लोकांच्या नुकसानीवरून ठरवला तर कामाला येतो. याचं सर्वांत नीट मांडलेलं उदाहरण अहमदाबादचं आहे. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात उष्माघाताने किती माणसं दगावली असं विचारलं, तर कागदावर फार थोडी सापडतात. उष्णतेने मेलेल्या माणसाच्या दाखल्यावर सहसा हृदय लिहिलेलं असतं, मूत्रपिंड लिहिलेलं असतं. म्हणून अभ्यासकांनी कारण विचारणंच सोडलं. त्यांनी मे २०१० मधले एकूण मृत्यू मोजले, सगळ्या कारणांचे, आणि ते मे २००९ आणि मे २०११ च्या सरासरीशी ताडले. फरक निघाला १,३४४ मृत्यूंचा, म्हणजे ४३ टक्के जास्त.

‘जागतिक तापमानवाढीमुळे आरोग्यावर परिणाम होतील’ हे वाक्य आणि ‘या शहरात एका महिन्यात तेराशेवर माणसं जास्त गेली’ हे वाक्य यांत अंतराचा फरक आहेच, पण त्याहून मोठा फरक असा, की दुसऱ्या वाक्यावर काम करता येतं. रोजचे मृत्यू आणि रोजचं तापमान शेजारी ठेवलं की कुठल्या अंशानंतर मृत्यूंची रेघ वर वळते ते दिसतं. २०१३ साली महापालिकेने गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या आणि इतरांच्या मदतीने उष्णता कृती आराखडा आणला, तेव्हा त्यात असे तीन उंबरठे होते: ४१.१ पासून पिवळा, ४३.१ पासून नारिंगी, ४५ पासून लाल. रंगापाशी आराखडा थांबला नाही. कुठल्या रंगाला कोण काय करणार हे ठरलेलं होतं. एक अधिकारी इशारा देणार, रुग्णालयं बर्फाच्या पिशव्या आणि क्षारसंजीवनी तयार ठेवणार, बागा दुपारीही उघड्या राहणार, पाण्याच्या जागा वाढणार. एका रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या छपराखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवला गेला. मला या सगळ्या प्रकरणात हा तपशील सर्वांत बोलका वाटतो. हवामान बदल म्हणजे काय, याचं उत्तर तिथे ‘जिना उतरणं’ असं होतं. पुढे झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे, की आराखड्यानंतरच्या दोन वर्षांत दरसाल सरासरी १,१९० मृत्यू टळले. अंदाजच तो, कारण टळलेला मृत्यू दाखल्यावर येत नाही.

इथे सावध राहायला हवं, कारण अहमदाबादचा ४५ अंश दमट किनाऱ्यावरच्या शहराने जसाच्या तसा उचलला तर घात होईल. घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होतं. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम नुसता ओघळतो. तिथे ३७ अंशांचा दिवस कोरड्या गावातल्या ४३ पेक्षा वाईट जाऊ शकतो. भारतीय हवामान खात्यानेही उष्णतेच्या लाटेचे निकष मैदानी भागासाठी, किनाऱ्यासाठी आणि डोंगराळ भागासाठी वेगवेगळे ठेवले आहेत, ते याचसाठी. उंबरठा उसना घेता येत नाही.

आता माझ्याच मांडणीची सर्वांत कच्ची बाजू. उंबरठा, दिवस, पिवळा-नारिंगी-लाल, पाण्याची सोय या सगळ्यात कारण गळून पडतं. ऐकणारा म्हणतो, ऊन वाढलंय, काळजी घेऊ. कोळसा, तेल, वायू वाक्यातून नाहीसे होतात, आणि हवामान बदल हा दैवी कोपासारखा, फक्त सोसायचा विषय होऊन बसतो. स्थानिक मांडणीवरचा हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. यावर उपाय म्हणजे कारणही त्याच मापात सांगणं.

ते शक्य आहे हे २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये भारत-पाकिस्तानात आलेल्या लाटेवरून दिसतं. वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन या गटाने तिचा अभ्यास केला. पद्धत थोडक्यात अशी: आजच्या हवेत अशी लाट किती वेळा येते ते नोंदी आणि प्रारूपांवरून काढायचं, मग माणसाने सोडलेल्या वायूंचा परिणाम वजा केलेल्या हवेत किती वेळा आली असती ते काढायचं, आणि दोन्हींची तुलना करायची. निष्कर्ष दोन मापांत आला. एक, मानवी तापमानवाढ नसती तर ही लाट सुमारे एक अंशाने सौम्य असती. दोन, तापमानवाढीमुळे अशा लाटेची शक्यता सुमारे तीस पट वाढली. दोन्ही वाक्यं त्याच गणितातून, एकाच वेळी खरी. ‘एक अंश’ वाचून वाटतं, एवढंच? ‘तीस पट’ वाचून माणूस थांबतो. वर पाहिलेली टेकडी आणि तिचा पायथा इथेही तीच आहे, फक्त पायथा आणखी टोकाचा, म्हणून पट इतकी मोठी. आणि म्हणूनच इथेही पटीसोबत सांगायला हवं, की आजच्या हवेतही ही लाट दुर्मिळच ठरली.

‘दोनाचे सहा’ या मांडणीला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे आपली आठवण. फ्रान्सिस मूर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे दोनशे कोटी ट्वीट्स तपासून २०१९ मध्ये दाखवलं, की हवा ‘वेगळी’ आहे की नाही हे लोक साधारण गेल्या दोन ते आठ वर्षांशी ताडून ठरवतात. त्यापलीकडचं विसरतात. पाच उन्हाळे सहा-सहा दिवसांचे गेले की सहा हेच नेहमीचं होतं, आणि त्याबद्दल कुणी बोलतही नाही. त्रास होत नाही असं नव्हे. नवल वाटत नाही, एवढंच. म्हणून ‘यंदा गेल्या वर्षीपेक्षा’ ही तुलना, जी प्रत्येक बातमीत असते, ती नेमकी चुकीची आहे. ती विस्मरणाला खतपाणी घालते. पाया गोठवावा लागतो. जागतिक हवामान संघटना रोजच्या वापरासाठी १९९१ ते २०२० ची सरासरी घेते, पण दीर्घ बदल मोजायला १९६१ ते १९९० चा काळ कायम ठेवते. बातमीत दुसरा वापरला तर वाचकाच्या आईवडिलांच्या उन्हाळ्याशी तुलना होते. शिवाय पाया न सांगता ‘सरासरीपेक्षा जास्त’ लिहिणं म्हणजे वजनकाट्याचा शून्य न दाखवता वजन सांगणं.

काही जागा अशा आहेत जिथे हे सगळं लागू करू नये. ज्या प्रदेशात उंबरठ्याचे दिवस फारसे वाढलेलेच नाहीत, तिथे स्थानिक मोजणी लोकांना ‘आपलं बरं चाललंय’ असं सांगेल, आणि ते खरंही असेल. तिथे ओढूनताणून भीतीचा आकडा शोधण्यापेक्षा, या प्रदेशाचं धान्य, वीज, माल कुठून येतो आणि तिथले दिवस किती वाढले, हे सांगावं. ब्रिटनच्या पाहणीतली ती गाठ इथे उपयोगी पडते. लांबच्या माणसाचं नुकसान लोकांना कळत नाही, असं नाही.

राहिला प्रश्न वाक्याचा. या कल्पित केंद्रासाठी ते साधारण असं होईल: ‘१९६१ ते १९९० या काळात इथे उन्हाळ्यात सरासरी दोन दिवस पारा ४२ च्या वर जायचा. गेल्या दहा वर्षांत सरासरी सहा दिवस गेला. काही वर्षी एकही दिवस नव्हता, एका वर्षी अकरा होते. यातला काही भाग शहर वाढल्यामुळे आहे. शहराबाहेरच्या केंद्रावर दोनाचे चार झाले आहेत. ४२ च्या वर गेलेल्या दिवशी बारा ते चार उघड्यावरचं काम बंद ठेवायचं आहे.’ मोठं वाटतं, पण मोठ्याने वाचायला अर्धा मिनिट लागतो. यातलं सर्वांत आधी कापलं जाणारं वाक्य कुठलं, तर शहर वाढल्याचं, आणि तेच कापू देऊ नये.

मग उन्हाळा संपला की त्याच जागी, त्याच मापात मोजणी पुन्हा छापायची. त्या वर्षी अकरा दिवस आले तर अकरा, आणि एकच आला तर एक.